४९९ चा प्लॅन ७५० च्या प्लॅनपेक्षा महाग कधी पडतो?

प्रश्न: "पुण्यात सिंहगड रोडला भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आहे. घरी १०० एमबीपीएसचं नेट घ्यायचंय. केबलवाला म्हणतो ७५० महिना, जीएसटी सकट. सहा महिन्यांचे एकदम भरले तर पहिल्या वेळी एक महिना फुकट. इन्स्टॉलेशन ५००, राउटर त्याचा, डिपॉझिट १,०००. कंपनीवाला म्हणतो ४९९ अधिक जीएसटी, पहिले तीन महिने निम्मे पैसे, इन्स्टॉलेशन १,००० अधिक जीएसटी, आणि राउटर १२५ च्या २४ हप्त्यांवर. मला सरळ ४९९ वालाच स्वस्त वाटतोय. बरोबर ना?"

उत्तर:

अकरा महिन्यांनी घर सोडणार असाल तर नाही. तेवढ्या काळात केबलवाला तुम्हाला महिन्याला साधारण १६० रुपयांनी स्वस्त पडतो. पण एका अटीवर हे उत्तर पूर्ण उलटतं, आणि ती अट त्या राउटरच्या हप्त्यात आहे. आधी हिशोब मांडतो, मग राउटरकडे येतो.

मी बरीच वर्षं इंटरनेटच्या बिलिंगचं काम केलंय. दोन प्लॅन समोर आले की मी आधी एकच विचारतो, किती महिने वापरणार? जाहिरातीतला दर बाजूला ठेवायचा. तेवढ्या महिन्यांत खिशातून जाणारा प्रत्येक रुपया जोडायचा, परत मिळणारे पैसे वजा करायचे आणि महिन्यांच्या संख्येने भागायचं. इन्स्टॉलेशन, हप्ते, सूट या सगळ्या एकदाच्या किंवा ठरावीक काळाच्या गोष्टी आहेत. थोडे महिने राहिलात तर त्यांचा भार प्रत्येक महिन्यावर जास्त पडतो, जास्त राहिलात तर तो विरतो. म्हणून "कुठला प्लॅन स्वस्त" याला महिने ठरवल्याशिवाय उत्तरच नसतं. तुमचे महिने भाडेकराराने ठरवून दिलेत: अकरा.

आधी केबलवाला. सहा महिन्यांचे ४,५०० भरले की सात महिने चालतं. उरलेले चार महिने ७५० प्रमाणे ३,०००. इन्स्टॉलेशन ५००. एकूण ८,०००. डिपॉझिट जाताना परत मिळणार म्हणून ते धरलं नाही. ८,००० भागिले ११ म्हणजे महिन्याला ७२७ रुपये. एक महिना फुकट असूनही दर ७५० वरून जेमतेम २३ रुपयांनी उतरला, कारण त्यातला बराचसा फायदा इन्स्टॉलेशनने खाल्ला.

आता कंपनी. ४९९ वर १८ टक्के जीएसटी लावला की ५८८.८२ होतात. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा कराआधीचा असतो, म्हणून तुलनेला बसताना पहिलं काम हे. दोन्ही आकडे करासकट करून घ्या, नाहीतर तुम्ही ४९९ ची तुलना ७५० शी करताय आणि खरी तुलना ५८९ ची आहे. निम्म्या दराचे तीन महिने २९४.४१ प्रमाणे ८८३ रुपये. पुढचे आठ महिने ५८८.८२ प्रमाणे ४,७११. इन्स्टॉलेशन करासकट १,१८०. इथपर्यंत ६,७७४ झाले.

राउटरच्या हप्त्यापाशी बहुतेक जण चुकतात. अकरा महिने राहणार म्हणून अकरा हप्ते धरतात, म्हणजे १,३७५. तसं केलं तर बेरीज ८,१४९ आणि महिन्याला ७४१ येतात. केबलवाल्याशी फरक फक्त १४ रुपयांचा दिसतो, मग माणूस म्हणतो, चला, मोठी कंपनी आहे, तीच घेऊ. पण हप्ता म्हणजे भाडं नव्हे. तुम्ही तीन हजारांची वस्तू विकत घेतलीय आणि तिचे पैसे तुकड्यांत देताय. कनेक्शन मधेच बंद केलं तर उरलेले तेरा हप्ते, म्हणजे १,६२५ रुपये, शेवटच्या बिलात एकदम लागतात. करारात वेगळं लिहिलं असेल तर उत्तम, पण तसं लेखी दिसेपर्यंत पूर्ण ३,००० धरायचे. मग बेरीज ९,७७४ होते आणि महिन्याला ८८९ रुपये पडतात.

म्हणजे ४९९ चा प्लॅन ८८९ ला, आणि ७५० चा ७२७ ला.

आता समजा घरमालकाने करार वाढवला आणि तुम्ही तिथेच राहिलात. केबलवाल्याचा फुकट महिना एकदाच आहे, त्यामुळे पुढे त्याचा खर्च दर महिन्याला ७५० नेच वाढतो. कंपनीचा ५८९ ने वाढतो. दर महिन्याला कंपनी १६१ रुपयांनी अंतर भरून काढते. सुरुवातीला तिचं ओझं मोठं होतं, ते भरून निघायला किती महिने लागतात ते मोजलं तर बावीस येतात. बाविसाव्या महिन्याअखेर केबलवाल्याचे १६,२५० होतात आणि कंपनीचे १६,२५१. तुमच्या बाबतीत हे बरोबर अकरा महिन्यांचे दोन करार आहेत. तिसरा करार करून तिथेच राहणार असाल तरच कंपनी पुढे जाते, आणि मग ती चांगलीच पुढे जाते. तीन वर्षांचा हिशोब लावला तर केबलवाला महिन्याला ७४३ आणि कंपनी ६८०.

हे स्वतः करून पाहायचं असेल तर स्प्रेडशीटमध्ये `A2` या घरात महिने लिहा आणि शेजारच्या दोन घरांत ही सूत्रं टाका. पहिलं केबलवाल्याचं, सात किंवा त्याहून जास्त महिन्यांसाठी. दुसरं कंपनीचं.

```
=(500+4500+750*(A2-7))/A2
=(1180+3000+294.41*3+588.82*(A2-3))/A2
```

आता ती अट. कंपनीच्या ३,००० च्या राउटरची तुम्हाला खरंच गरज आहे का?

यासाठी एक गोष्ट समजून घ्या. फायबर घरात येतं तेव्हा दोन कामं व्हावी लागतात. तारेतून आलेल्या प्रकाशाचं साध्या नेटवर्कमध्ये रूपांतर करायचं, हे काम ओएनटी नावाचा डबा करतो. आणि ते नेट घरभर वायफायने पसरवायचं, हे काम राउटर करतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी दोन्ही कामं एकाच डब्यात असतात, आणि माणसं त्या सगळ्यालाच राउटर म्हणतात. कंपनीचा माणूस "राउटर हप्त्यावर" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात यातलं नेमकं काय आहे हे फोनवर कळत नाही. डबा पाहिला की कळतं. मागे हिरव्या किंवा निळ्या टोकाची बारीक, नाजूक तार थेट खोचलेली असेल आणि पुढे `PON` आणि `LOS` लिहिलेले दिवे असतील तर तो ओएनटी. मागे `WAN` लिहिलेलं चौकोनी भोक असेल आणि त्यात साधी लॅन केबल जात असेल तर तो नुसता राउटर.

याचा पैशाशी थेट संबंध आहे. ओएनटी ज्या कंपनीचा त्या कंपनीच्याच लाइनवर चालेल असं समजून चालायचं. दुसऱ्या घरी दुसरी कंपनी घेतलीत तर तो डबा बहुधा कपाटात जातो आणि तुमचे तीन हजार त्याच्याबरोबर. ओएनटीचे हप्ते मागत असतील तर स्पष्ट सांगा की हा डबा तुमच्या लाइनचा भाग आहे, तो भाड्याने किंवा डिपॉझिटवर द्या. बऱ्याचदा देतात, कारण नंतर तो परत घेऊन दुसऱ्या घरी लावता येतो.

नुसता राउटर असेल तर तुमच्याकडे जुना चालू राउटर आहे का पाहा, किंवा बाजारातून स्वतः घ्या. मात्र जुन्यात एक गोष्ट तपासा. लॅनची भोकं १०० एमबीपीएसचीच असतील तर वेग शंभरच्या थोडा खालीच अडकतो, आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असेल तर आजूबाजूच्या वायफायच्या गर्दीत वेग बराच कमी मिळू शकतो आणि मग दोष लाइनला द्याल. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा, गिगाबिट भोकं असलेला राउटर बरा. समजा असा राउटर १,८०० ला मिळाला. कंपनीचा खर्च अकरा महिन्यांत ६,७७४ अधिक १,८००, म्हणजे ८,५७४ आणि महिन्याला ७७९. अजूनही केबलवाल्यापेक्षा ५२ रुपये जास्त, पण राउटर तुमचा, तो पुढच्या घरीही चालतो. आणि बरोबरी बावीसऐवजी पंधराव्या महिन्यात होते. चांगला राउटर आधीच घरात असेल आणि कंपनी तो लावू देत असेल, तर खर्च ६,७७४ वरच थांबतो आणि महिन्याला ६१६ पडतात. तेव्हा अकरा महिन्यांतही कंपनीच स्वस्त, आणि तेही १११ रुपयांनी. म्हणजे तुमचा निर्णय ४९९ आणि ७५० यांच्यावर अवलंबून नाही, त्या १२५ च्या ओळीवर आहे.

हप्ता नाइलाजाने घ्यावाच लागला तर विचारा, "रोख घेतला तर किती?" उत्तर २,४०० आलं तर त्या ३,००० मध्ये ६०० व्याज आहे. हप्ते बिलात न लावता क्रेडिट कार्डावर 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून देत असतील तर आणखी सावध राहा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी धरलेलंच असतं. आजच्या पद्धतीत ते व्याज सूट म्हणून आधी वजा करतात. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडूनच घेतात. फोनसारख्या मोठ्या खरेदीत हे जाणवतं. समजा सहा हप्त्यांवरचं व्याज ९०० आलं आणि ते सूट म्हणून परत मिळालं, तरी त्यावरचा कर १६२ आणि १९९ ची फी करासकट २३५, असे ३९७ रुपये 'नो कॉस्ट'मध्ये जातात. शिवाय कार्डावरचा हप्ता हे बँकेचं कर्ज आहे. नेट बंद केलं तरी ते चालूच राहतं.

आता "पहिले तीन महिने निम्मे" या शब्दांकडे वळू, कारण याची तक्रार मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलीय. त्याचा अर्थ तीन महिने की तीन बिलं? समजा कनेक्शन २२ तारखेला लागलं आणि कंपनीचं बिल महिन्याच्या ३० तारखेला निघतं. पहिलं बिल फक्त नऊ दिवसांचं. सूट तीन बिलांवर असेल तर त्यातलं एक नऊ दिवसांत संपलं. एकवीस दिवसांची निम्मी सूट गेली, म्हणजे साधारण २०६ रुपये. माझ्या स्वतःच्या घरी हे झालंय. विक्रीच्या माणसाने तीन महिने म्हटलं होतं, बिलात तीन बिलं निघाली, आणि ग्राहकसेवेने मला अटींचं पान वाचून दाखवलं. ते पान मला घेण्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की बिलाची तारीख विचारा आणि कनेक्शन तिच्या दुसऱ्या दिवशी सुरू करून घ्या. पहिल्या बिलात गेल्या दिवसांचं भाडं आणि पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं अशा दोन्ही ओळी कधी कधी एकत्र येतात. ते बिल मोठं दिसलं म्हणून घाबरू नका, पण प्रत्येक ओळीपुढच्या तारखा वाचा.

केबलवाल्याच्या बाजूनेही दोन ठिकाणी पैसे जाऊ शकतात. पहिलं डिपॉझिट. ते परत मिळालं नाही तर ८,००० चे ९,००० होतात आणि दर ७२७ वरून थेट ८१८ वर जातो. एका हजाराच्या पावतीने महिन्याचे ९१ रुपये हलतात. म्हणून पावतीवर "परतीचे डिपॉझिट" असे शब्द लिहून घ्या, राउटरचा नंबर लिहून घ्या, आणि अ‍ॅडॉप्टर जपून ठेवा. डिपॉझिट कापण्याचं नेहमीचं कारण अ‍ॅडॉप्टर हरवला हेच असतं. घर सोडायच्या आदल्या दिवशी फोन करू नका. आठवडाभर आधी करा आणि राउटर देताना फोटो काढा.

दुसरं म्हणजे आगाऊ भरलेले पैसे. ४,५०० भरल्यावर अ‍ॅपमध्ये किंवा मेसेजमध्ये संपण्याची तारीख सात महिन्यांनंतरची दिसते का ते त्याच दिवशी पाहा. सहाच दिसली आणि "शेवटी वाढवून देतो" म्हणाला तर ते लेखी घ्या, कारण सहा महिन्यांनी तो मुलगा त्या कामावर असेलच असं नाही. आणि सात महिने संपल्यावर परत सहा महिन्यांचे भरू नका. दुसऱ्या वेळी फुकट महिना नाही, म्हणजे फायदा काहीच नाही, आणि तुम्हाला चारच महिने हवेत. भरलेत तर दोन महिन्यांचे १,५०० वाया जातात. आठव्या महिन्यापासून महिन्याचे महिन्याला भरा.

आगाऊ भरण्याच्या पद्धतीचा एक फायदा मात्र लोक मोजत नाहीत. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावी जाणार असाल, आणि तेव्हा रिचार्ज संपत असेल, तर परत येईपर्यंत भरायचंच नाही. मीटर थांबतो. बिलाच्या कनेक्शनला भाडं चालूच राहतं, तुम्ही घरी असा वा नसा. उलट तुमचं ऑफिस इंटरनेटचे पैसे परत देत असेल तर केबलवाल्याला आधी विचारा की तुमच्या नावाचं, जीएसटी नंबरचं पक्कं बिल मिळेल का. वहीतल्या पावतीवर ऑफिस पैसे देत नाही, आणि मग वरचा सगळा हिशोब एका बाजूला राहतो.

एक गोष्ट यात मी धरलेली नाही, दरवाढ. केबलवाल्याने वर्षभरात ५० रुपये वाढवले तर त्याचे शेवटचे काही महिने महाग होतील. कंपनीने ४९९ चा प्लॅनच काढून टाकला तर तिचं बावीस महिन्यांचं गणितही मोडेल. लांबच्या काळाचा हिशोब जितका पुढे जातो तितका कच्चा होतो. म्हणून दोन आकड्यांत महिन्याला वीस-पंचवीस रुपयांचाच फरक असेल तर मी तो फरक मानत नाही. शेजारच्या दोन घरांत विचारतो की लाइन महिन्यातून किती वेळा जाते, आणि गेली तर माणूस कधी येतो.

मोबाइलचं विचारलं नाहीत, तरी दोन ओळी, कारण तिथे भागाकार वेगळ्या जागी चुकतो. २८ दिवसांचा प्लॅन हा महिन्याचा प्लॅन नाही. वर्षात बाराऐवजी तेरा वेळा भरावा लागतो. २९९ चा २८ दिवसांचा प्लॅन खऱ्या महिन्याला ३२५ ला पडतो. त्याच सोयींचा ८४ दिवसांचा ८५९ ला असेल तर तो ३११ ला. दोन्हींत आधी एका दिवसाचा दर काढायचा आणि त्याला ३६५ ने गुणून १२ ने भागायचं. प्रीपेडच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो, पोस्टपेडला तो वर लागतो. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन ठेवायला सांगितलंय. महिन्याच्या पगारावर हिशोब बसवणाऱ्यांनी तो मागून घ्यावा.

तुम्ही आता असं करा. कंपनीला एक मेल किंवा चॅट पाठवा, फोन नको, आणि त्यात चारच गोष्टी विचारा. हप्त्यावरचा डबा ओएनटी आहे की राउटर, माझा स्वतःचा राउटर चालेल का, अकराव्या महिन्यात बंद केलं तर शेवटचं बिल किती येईल, आणि निम्मी सूट तीन महिन्यांची की तीन बिलांची. स्वतःचा राउटर चालतो असं लेखी आलं आणि तो घरात असेल तर कंपनी घ्या. तसं उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर केबलवाल्याला ४,५०० अधिक ५०० अधिक १,००० असे ६,००० द्या, पावती घ्या आणि संपण्याच्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.